एकच ‘आन्’, अनेक व्याकरणे: सूरह अर्-रहमानमधील द्विवचन आणि विरामरूपे कशी वाचावीत

कुरआनाच्या 55 व्या सूरहमधील, म्हणजे अर्-रहमानमधील, 50 वी आयत अवघ्या तीन शब्दांची आहे: ‘फीहिमा ऐनानि तज्रियान्’. त्या दोन बागांमध्ये दोन झरे वाहत आहेत, असा तिचा अर्थ. तिन्ही शब्दांत द्विवचन आहे. ‘फीहिमा’मध्ये ‘त्या दोहोंत’ असे सर्वनाम आहे, ‘ऐनानि’ म्हणजे दोन झरे, आणि ‘तज्रियान्’ हे ‘ते दोन वाहतात’ अशा अर्थाचे क्रियापद आहे. छापील प्रतीत दुसऱ्या आणि तिसऱ्या शब्दाच्या शेवटच्या नूनखाली सारखीच जेर दिलेली असते. म्हणजे दोन्ही शब्द ‘-आनि’ असेच संपतात. तरीही पठण करणारा ‘ऐनानि’ असे पूर्ण म्हणतो आणि लगेच पुढच्या शब्दाची जेर गिळून ‘तज्रियान्’वर थांबतो. जेर गळण्याशी व्याकरणाचा काहीही संबंध नाही. एक शब्द आयतीच्या मध्ये आहे आणि दुसरा तिच्या टोकाला, एवढाच काय तो फरक.

या छोट्या गोष्टीमुळे अर्-रहमान वाचताना नवशिक्याची बरीच फसगत होते. भारतात रूढ असलेल्या कूफी गणनेप्रमाणे या सूरहमध्ये 78 आयती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक ‘-आन्’ने संपतात, अधूनमधून ‘-आम्’ आणि ‘-आर्’ येतात. कानाला एकच घंटा वाजत राहिल्यासारखे वाटते. पण त्या एका आवाजामागे द्विवचनी नाम, द्विवचनी क्रियापद, साधे एकवचन, अनियमित अनेकवचन आणि शेवटचा ‘य’ गमावलेले धातुसाधित असे निरनिराळे प्रकार दडलेले आहेत. ते वेगळे कसे करायचे, आणि वेगळे केल्यावर अर्थात काय बदलते, हे या लेखात क्रमाने पाहू. अरबी अक्षरे व जेर, जबर, पेश ओळखता येतात आणि सूरहची एखादी स्वरचिन्हांकित प्रत हाताशी आहे, एवढे मी गृहीत धरतो.

पहिली पायरी: विरामात काय गळते आणि काय टिकते

संस्कृत शिकलेल्या मराठी वाचकाला या दोन्ही कल्पना अगदीच परक्या नाहीत. ‘रामौ’, ‘फले’ ही द्विवचने त्याने पाठ केलेली असतात, आणि वाक्याच्या शेवटी ‘रामः’ असणारा शब्द ‘गच्छति’च्या आधी ‘रामो’ होतो, हेही त्याला ठाऊक असते. अरबीत मात्र थांबण्याचा परिणाम उलट्या दिशेने होतो. तिथे जोडून वाचताना शब्द पूर्ण असतो आणि थांबल्यावर तो छाटला जातो. थांबण्याला वक़्फ आणि जोडून वाचण्याला वस्ल म्हणतात.

आपल्या कामापुरते चारच नियम लागतात. शब्दाच्या शेवटचा ऱ्हस्व स्वर, मग तो जेर असो, जबर असो वा पेश, थांबताना गळतो. ‘-उन्’ आणि ‘-इन्’ ही तनवीन पूर्ण गळते. ‘-अन्’ ही तनवीन मात्र ‘-आ’ होऊन उरते. आणि स्त्रीलिंगी गोल ‘त’ थांबताना ‘ह’ होतो. दीर्घ स्वर आणि मूळ व्यंजने जागची हलत नाहीत.

द्विवचनाच्या दृष्टीने यातला शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. द्विवचनाचा प्रत्यय कर्त्याच्या स्थानी ‘-आनि’ आणि अन्य स्थानी ‘-ऐनि’ असतो. विरामात त्यातली फक्त जेर जाते. नून जात नाही आणि त्याआधीचा ‘आ’ही जात नाही. त्यामुळे ‘जन्नतानि’चे ‘जन्नतान्’ होते, पण ते ‘जन्नता’ होत नाही. नून गळतो तो निराळ्या कारणांनी. द्विवचनी नाम पुढच्या नामाशी षष्ठीच्या संबंधाने जोडले गेले, की नून जातो. 48 व्या आयतीतले ‘ज़वाता अफ्नान्’ हे त्याचे उदाहरण आहे. ‘फांद्या असलेल्या दोन (बागा)’ असा त्याचा अर्थ असून द्विवचन ‘ज़वाता’ या पहिल्या, नून गमावलेल्या शब्दात आहे. टोकाला जो ‘-आन्’ ऐकू येतो, त्या ‘अफ्नान्’चा द्विवचनाशी काहीही संबंध नाही, ते ‘फनन्’ म्हणजे फांदी या शब्दाचे अनेकवचन आहे. मी सुरुवातीला या आयतीत शेवटच्या शब्दाखाली मोठ्या खात्रीने ‘द्वि.’ असे लिहून ठेवले होते आणि खऱ्या द्विवचनाकडे पाहिलेही नव्हते.

क्रियापदातला नून तर त्याहून बोलका असतो. ‘तुकज़्ज़िबानि’ हे साधे विधान किंवा प्रश्न असताना नून राहतो. आज्ञा, निषेध किंवा ‘व्हावे म्हणून’ अशा रचनेत तो गळून ‘तुकज़्ज़िबा’ एवढेच उरते. 20 व्या आयतीत दोन समुद्रांविषयी ‘ला यब्ग़ियान्’ असे म्हटले आहे. इथे नून शाबूत असल्यामुळे ‘ते मर्यादा ओलांडत नाहीत’ असे हे विधान ठरते. ‘त्यांनी ओलांडू नये’ असा निषेध असता, तर नून उरला नसता आणि यमकही मोडले असते. जेर गळली तरी अर्थाचा हा धागा विरामात सुरक्षित राहतो, तो असा.

देवनागरीत लिहून घेताना

एक सावधगिरी खास मराठी वाचकांसाठी. पठण देवनागरीत उतरवताना आपण ‘-आनि’ असे ऱ्हस्व ‘नि’ने लिहिले, तर वाचताना तो दीर्घ होतोच. आपण ‘आणि’ लिहितो आणि ‘आणी’ म्हणतो. शब्दाच्या शेवटचा ऱ्हस्व इकार मराठी जिभेवर टिकत नाही. त्यामुळे ‘ऐनानि तज्रियान्’ हे ‘ऐनानी तज्रियान्’ होऊन बसते. असा दीर्घ ईकार अरबी कानाला ‘माझे’ या अर्थाचा किंवा पुढे येणाऱ्या कवितेच्या काफियासारखा वाटतो. म्हणून वहीत मधल्या शब्दांसाठी ‘नि’ लिहून त्यावर आखूड उच्चाराची एखादी खूण करावी आणि टोकाच्या शब्दांना हलन्त ‘न्’ द्यावा. हलन्त दिला नाही तरी मराठीत ‘आन’चा अन्त्य अकार उच्चारला जात नाही. पण हलन्त पाहिला, की ‘इथे काहीतरी गळले आहे’ ही आठवण राहते, आणि तीच आपल्याला हवी आहे.

दुसरी पायरी: गळलेला स्वर परत आणणे

आता मुख्य काम. आयतीच्या शेवटचा शब्द घ्या, प्रतीतली त्याची खूण पाहा आणि तो पुढच्या आयतीला जोडून म्हणून पाहा. तोंडाने म्हणणे आवश्यक आहे, कारण डोळा चिन्हावरून सहज घसरतो.

पाचवी आणि सहावी आयत यासाठी फार सोयीच्या आहेत, कारण त्या शेजारी आहेत आणि एकसारख्या वाटतात. पाचवी ‘अश्शम्सु वल्-क़मरु बिहुस्बान्’, म्हणजे सूर्य आणि चंद्र हिशोबाने बांधलेले आहेत. सहावी ‘वन्-नज्मु वश्-शजरु यस्जुदान्’, म्हणजे ‘नज्म’ आणि वृक्ष नमन करतात. इथल्या ‘नज्म’चा अर्थ काही भाष्यकार तारा असा घेतात, तर काही खोड नसलेली वनस्पती असा. दोन्हींत दोन-दोन कर्ते आहेत, दोन्हींचा शेवट ‘-आन्’ आहे, त्यामुळे दोन्हीकडे द्विवचन असावे असे वाटते. जोडून म्हणून पाहा. पाचवी सहावीला जोडली, की ‘बिहुस्बानिंव्-वन्-नज्मु’ असे ऐकू येते: तनवीन परत आली आणि पुढच्या ‘व’मध्ये नाकातून मिसळली. सहावी सातवीला जोडली, की ‘यस्जुदानि वस्-समाअ’ असे होते: नुसती जेर, तनवीन नाही.

इथे पहिली कसोटी मिळते. द्विवचनाच्या नूनवर तनवीन कधीच येत नाही. नामात तो नून जणू तनवीनच्या जागीच उभा असतो, आणि क्रियापदाला तर तनवीन नसतेच. तेव्हा जोडल्यावर तनवीन ऐकू आली, तर तो शब्द द्विवचन नव्हे. ‘हुस्बान्’ हे हिशोब या अर्थाचे एकवचनी नाम आहे, तर ‘यस्जुदान्’ हे द्विवचनी क्रियापद. याच कसोटीने तिसऱ्या आयतीतला ‘इन्सान्’ही वेगळा पडतो: जोडल्यावर ‘अल्-इन्सान अल्लमहू’ असे होते, म्हणजे नूनवर जबर येते, आणि प्रमाण अरबीत द्विवचनाच्या नूनवर जेर असते.

पण ही कसोटी एकटी पुरत नाही. आठव्या आयतीच्या शेवटी ‘फिल्-मीज़ान्’ आहे. जोडल्यावर ते ‘फिल्-मीज़ानि व-अक़ीमू’ असे होते: जेर आहे आणि तनवीन नाही. द्विवचनी ‘-आनि’सारखेच हुबेहूब. कारण इथे ‘अल्-’ लागल्यामुळे तनवीन आलेलीच नाही आणि ‘फी’मुळे जेर आली आहे. अशा ठिकाणी दुसरी कसोटी लावावी: ‘-आन्’ काढून टाका आणि मागे त्याच अर्थाचे एकवचन उरते का ते पाहा. ‘जन्नतान्’मधून ‘जन्नत्’ उरते, ‘ज़ौजान्’मधून ‘ज़ौज्’ उरतो, ‘यस्जुदान्’मधून ‘यस्जुद्’ उरते. ‘मीज़ान्’मधून ‘मीज़्’ उरते, आणि तो तराजूचा अर्थ देणारा शब्द नाही. ‘मर्जान्’, ‘रुम्मान्’, ‘सुल्तान्’ हेही याच चाळणीतून बाहेर पडतात.

सर्वांत फसवे शब्द तीन आहेत: 26 व्या आयतीतला ‘फान्’, 44 व्या आयतीतला ‘आन्’ आणि 54 व्या आयतीतला ‘दान्’. हे मूळचे ‘फानी’, ‘आनी’, ‘दानी’ असे य-कारान्त शब्द आहेत. अनिश्चित रूपात त्यांचा शेवट ‘-इन्’ या तनवीनमध्ये मिटतो आणि विरामात ती तनवीनही जाते, म्हणून नून एवढाच उरतो. ‘फान्’ मराठी वाचकाला खरे तर ओळखीचा आहे: उर्दूतून, सूफी काव्यातून आलेला ‘फानी’, म्हणजे नश्वर, तो हाच. 26 वी आयत 27 वीला जोडा: ‘कुल्लु मन् अलैहा फानिंव्-व-यब्क़ा’. तनवीन परत आली, संशय फिटला. 54 व्या आयतीत तर एक गंमत आहे. ‘व-जनल्-जन्नतैनि दान्’, म्हणजे दोन्ही बागांची फळे हाताशी आलेली आहेत. ‘दोन बागा’ हे द्विवचन मधल्या ‘जन्नतैनि’मध्ये पूर्ण स्वरासह ऐकू येते, आणि टोकाला जो द्विवचनासारखा आवाज येतो तो ‘दान्’ एकवचनी आहे, कारण तो ‘फळ’ या शब्दाचे विधेय आहे. कान जिथे द्विवचन ऐकतो तिथे ते नसते, आणि जिथे ते असते तिथून कान पुढे सरकलेला असतो.

39, 56 आणि 74 या आयतींतला ‘जान्न्’ मात्र कानानेच ओळखता येतो. त्यात नून दुहेरी आहे. पठणशास्त्राप्रमाणे त्याआधीचा ‘आ’ सहा मात्रा लांबवतात आणि नून नाकात घोळवून सोडतात. बाकीच्या ‘-आन्’मध्ये थांबताना ‘आ’ दोन, चार किंवा सहा मात्रांचा घेता येतो. जो घेतला तो त्या बैठकीत सर्वत्र सारखा ठेवायचा असतो. चांगल्या कारीचे, म्हणजे पठण करणाऱ्याचे, ध्वनिमुद्रण घेऊन 38 ते 40 या आयती ऐकल्या, की हा फरक लक्षात येतो.

तिसरी पायरी: विरामाने तोडलेले पुन्हा जोडणे

सूरहमध्ये 31 वेळा येणारी धृपदासारखी आयत, ‘फबिअय्यि आलाइ रब्बिकुमा तुकज़्ज़िबान्’, ही संपूर्ण द्विवचनी संबोधनाची आहे: ‘मग तुम्ही दोघे आपल्या पालनकर्त्याच्या कोणत्या देणग्या नाकारता?’ ‘दोघे’ म्हणजे माणूस आणि जिन्न, हा रूढ अर्थ खुद्द सूरहमधूनच मिळतो: 14 व्या आणि 15 व्या आयतीत दोघांची घडण सांगितली आहे, 31 व्या आयतीत ‘अस्-सक़लान्’ असे द्विवचनी संबोधन आहे आणि 33 व्या आयतीत ‘जिन्न आणि इन्स यांच्या समुदायांनो’ अशी हाक आहे. धृपद सोडून उरलेल्या 47 आयतींपैकी माझ्या मोजणीनुसार 12 आयतींच्या टोकाला खरे द्विवचन आहे. त्यांतल्या 11 ‘-आन्’च्या आहेत आणि 17 वी ‘अल्-मग़्रिबैन्’ एवढी एकच ‘-ऐन्’ची आहे.

धृपदामुळे वाचनावर होणारा खरा परिणाम वेगळाच आहे. 62 वी आयत म्हणते, ‘व-मिन् दूनिहिमा जन्नतान्’, ‘त्या दोन्हींखेरीज आणखी दोन बागा’. मग धृपद येते. मग 64 वी आयत, एकाच शब्दाची: ‘मुद्हाम्मतान्’. पुन्हा धृपद. मग 66 वी: ‘फीहिमा ऐनानि नद्दाख़तान्’. आता ‘मुद्हाम्मतान्’ हा शब्द स्वतंत्र वाक्य नाही. तो ‘जन्नतान्’चे विशेषण आहे, आणि दोघांच्या मध्ये विराम, एक पूर्ण प्रश्न आणि पुन्हा विराम आला आहे. मराठीत ‘दोन बागा … गर्द हिरव्या’ असे तुटक लिहिले, तर ‘हिरव्या’ कोणाला लागते हे जवळच्या नामावरून ठरवावे लागते. अरबीत द्विवचन ती जबाबदारी घेते. ‘मुद्हाम्मत्-’ स्त्रीलिंगी आहे, द्विवचनी आहे आणि कर्त्याच्या स्थानी आहे; मागे शोधत गेले तर या तिन्ही गोष्टी जुळणारे नाम ‘जन्नतान्’ हेच सापडते. विरामाने जेर गिळली असली तरी ‘-तान्’ उरतो, आणि दुवा जोडायला तो पुरेसा आहे.

वाचताना मी हे असे करतो: प्रथम धृपदे पेन्सिलीने फिकट करून उरलेल्या आयती सलग वाचतो. 46, 48, 50, 52, 54 हा एक दुवा आणि 62, 64, 66, 68 हा दुसरा. मग ‘जन्नतान्, ज़वाता अफ्नान्, फीहिमा ऐनानि, फीहिमा मिन् कुल्लि फाकिहतिन् ज़ौजान्’ अशी एकच लांब वर्णनाची साखळी दिसू लागते. ती कळल्यावर धृपदे परत आणायची. उलट क्रमाने गेल्यास प्रत्येक आयत सुटी पडते आणि ‘मुद्हाम्मतान्’पाशी हमखास अडायला होते.

विराम कधीकधी पठणपरंपरांमधला फरकही झाकून टाकतो, हे लक्षात ठेवावे. 12 व्या आयतीचा शेवट आपल्याकडच्या हफ्स परंपरेत ‘वर्-रैहानु’ असा पेशयुक्त आहे. हमज़ा आणि किसाई या जुन्या कारींच्या पठणात तो ‘वर्-रैहानि’ आहे, तर इब्न आमिरच्या पठणात ‘वर्-रैहान’ असा जबरयुक्त. व्याकरणदृष्ट्या ही तीन वेगळी वाक्ये आहेत. थांबल्यावर मात्र तिघेही ‘वर्-रैहान्’ असेच म्हणतात. त्यामुळे फक्त शेवट ऐकून व्याकरण ठरवू नये. आयतीच्या पोटातले शब्द पाहावेत. इब्न आमिरच्या पठणात आधीचे ‘ज़ू’ हे ‘ज़ा’ झालेले असते आणि तिथेच फरक पकडता येतो.

चौथी पायरी: द्विवचन यमकासाठी आले आहे का?

हा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे, आणि तो जुना आहे. 46 व्या आयतीत ‘व-लिमन् ख़ाफ मक़ाम रब्बिही जन्नतान्’ असे आहे, म्हणजे जो आपल्या पालनकर्त्यापुढे उभे राहण्याचे भय बाळगतो त्याला दोन बागा. कूफ्याचा व्याकरणकार अल्-फर्रा (निधन 822) याने असे मत मांडले, की इथे अर्थ एकच बाग असा असू शकतो आणि आयतीच्या शेवटाला साजेसे म्हणून द्विवचन आले असावे. अरबी काव्यात असे होते, हा त्याचा आधार. इब्न क़ुतैबा (निधन 889) याला हे मुळीच पटले नाही. आयतीच्या टोकाला एखादा अलिफ वाढवणे ठीक, पण एकाच्या दोन बागा करणे कसे चालेल. मग नरकाचे रक्षक खरे तर वीस असून यमकासाठी एकोणीस म्हटले आहेत, असेही म्हणता येईल, असा त्याचा टोला होता.

अलिफ वाढवण्याचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. 33 व्या सूरहमध्ये 67 व्या आयतीचा शेवट ‘अस्-सबीला’ असा आहे, तर त्याच सूरहच्या चौथ्या आयतीचा शेवट ‘अस्-सबील्’ असा. शब्द तोच आणि विभक्तीही तीच. ‘अल्-’ असताना थांबल्यावर जबर गळायला हवी; पण 67 व्या ठिकाणी आसपासच्या आयती ‘-आ’ने संपतात, म्हणून अलिफ ठेवला आहे. हफ्स परंपरेत थांबले तर तो उच्चारतात, जोडून वाचले तर सोडून देतात. यमकासाठी विरामरूप बदलणे म्हणजे नेमके काय, ते इथे दिसते: ध्वनी बदलला, संख्या नाही.

माझे मत इब्न क़ुतैबाच्या बाजूचे आहे, आणि त्याचे कारण साधे आहे. यमकाचा जोर टोकाला असतो. म्हणून टोकापासून दूर, आयतीच्या पोटात द्विवचन आहे का, ते पाहावे. 48 मध्ये ‘ज़वाता’, 50 आणि 52 मध्ये ‘फीहिमा’, 54 मध्ये ‘जन्नतैनि’, 62 मध्ये ‘दूनिहिमा’. यांपैकी एकही शब्द टोकाला नाही. केवळ यमकासाठी दोन केले असते, तर इतक्या अंतरापर्यंत ती संख्या पाळण्याची गरज नव्हती.

हीच कसोटी धृपदाच्या संबोधनाला लावली, की चित्र थोडे गुंतागुंतीचे होते आणि ते लपवण्यात अर्थ नाही. 31 मध्ये ‘सनफ्रुग़ु लकुम्’ असे अनेकवचनी ‘तुम्हांसाठी’ आहे आणि लगेच टोकाला ‘अस्-सक़लान्’ हे द्विवचन. 33 मध्ये दोन समुदायांना हाक मारून पुढची सगळी क्रियापदे अनेकवचनी आहेत. 35 मध्ये मात्र पोटातच ‘अलैकुमा’ असे द्विवचन आहे आणि टोकाला ‘फला तन्तसिरान्’. म्हणजे समूह म्हणून पाहिले की दोन, आणि त्यातल्या असंख्य व्यक्ती म्हणून पाहिले की अनेक, अशी दोन्ही मोजमापे अरबीला चालतात. यमक त्यांतल्या एकाकडे कल देत असेलही. पण तो पर्याय भाषेत आधीपासून उपलब्ध असतो. बागांच्या वर्णनातही 56 आणि 70 मध्ये ‘फीहिमा’ऐवजी ‘फीहिन्न’ असे अनेकवचन येते, आणि त्याचा रोख नेमका कशाकडे, बागांमधल्या जागांकडे की आधी आलेल्या बिछान्यांकडे, याबाबत भाष्यकारांत एकमत नाही.

43 वी आयत ‘अल्-मुज्रिमून्’ने संपते. यमकाची पकड पूर्ण असती तर इथे ‘-ऊन्’ आला नसता. थांबताना ‘-ऊन्’मधली जबर गळते आणि ‘-आन्’मधली जेर, त्यामुळे विरामात अनेकवचन आणि द्विवचन यांतला फरक केवळ ‘ऊ’ आणि ‘आ’ एवढ्यावर उरतो. एक बारीक अपवाद आहे. रौम नावाच्या पद्धतीत कारी शेवटचा स्वर अगदी पुसट, जवळ बसलेल्यालाच ऐकू येईल इतका उच्चारतो. ती पद्धत जेर आणि पेश यांना चालते, जबरीला चालत नाही. म्हणून ‘तुकज़्ज़िबान्’वर रौम करता येतो, ‘अल्-मुज्रिमून्’वर येत नाही.

पाचवी पायरी: कवितेकडे वळताना सवय बदलणे

अर्-रहमानवर हात बसलेला वाचक जुन्या अरबी कवितेकडे गेला, की तो तिथेही ओळीच्या शेवटचा स्वर गाळू लागतो, आणि वृत्त मोडते. कुरआनातील आयतीच्या शेवटाला फासिला म्हणतात, कवितेच्या यमकाला काफिया. फासिल्यात साधारणतः स्वर गळतो. काफियात बहुतेकदा तो गळत नाही. उलट त्याला ओढून दीर्घ करतात.

इम्रुल क़ैसच्या प्रसिद्ध क़सीद्याची पहिली ओळ घ्या: ‘क़िफा नब्कि मिन् ज़िक्रा हबीबिन् व-मन्ज़िली’. ‘मन्ज़िल्’ या शब्दाला संबंधामुळे जेर आणि तनवीन हवी. कुरआनाच्या रीतीने थांबलो असतो तर ‘मन्ज़िल्’ झाले असते. कवितेत तनवीन जाते, पण जेर ‘ई’ होऊन राहते, आणि पुढे प्रत्येक बैत ‘-ली’नेच संपतो. मघाशी आपण मराठी जिभेचा जो दोष म्हटला, तो इथे अनायासे गुण ठरतो.

आणि पहिलाच शब्द द्विवचनाचा आहे. ‘क़िफा’ म्हणजे ‘तुम्ही दोघे थांबा’; आज्ञार्थ असल्यामुळे नून नाही, हे पहिल्या पायरीतल्या नियमाशी जुळते. पण हे दोघे कोण? जुन्या भाष्यकारांनी दिलेले पर्याय असे: खरेच दोन सोबती आहेत, किंवा सोबती एक असून अरबी रिवाजाप्रमाणे त्याला द्विवचनाने हाक मारली आहे, किंवा ‘थांब, थांब’ अशी द्विरुक्ती एका शब्दात मुरली आहे. चौथा पर्याय आपल्या विषयाच्या मध्यभागी येतो: हे द्विवचनच नाही. मूळ रूप ‘क़िफन्’, म्हणजे जोर देणारा नून लागलेले एकवचनी ‘थांबच’. त्या नूनचा विरामात ‘आ’ होतो, जसा 96 व्या सूरहच्या 15 व्या आयतीतल्या ‘लनस्फअन्’वर थांबल्यास ‘लनस्फआ’ होतो. कवीने ते विरामरूप न थांबताच वापरले, असे हे म्हणणे आहे. म्हणजे विरामाने इथे द्विवचन झाकलेले नाही, तर द्विवचनाचा भास निर्माण केला आहे. व्याकरणाने ते शक्य आहे. मला मात्र ते जरा ओढून आणलेले वाटते, कारण ओळीच्या सुरुवातीला थांबण्याचे काहीच कारण नाही.

त्याच क़सीद्यात थोडे पुढे सोबत्यांसाठी ‘सह्बी’ असा समूहवाचक शब्द आणि ‘यक़ूलून’ असे अनेकवचनी क्रियापद येते, त्यामुळे पहिल्या ओळीतले दोन तिथे दोनच राहत नाहीत. ते सोबती कवीला म्हणतात, ‘ला तह्लिक् असन् व-तजम्मली’, ‘दुःखाने मरू नकोस, धीर धर’. नवशिक्याला वाटते, की ‘तजम्मली’ हा स्त्रीला केलेला उपदेश आहे, कारण स्त्रीलिंगी एकवचनी आज्ञार्थ अगदी असाच असतो. पण आधीचे ‘ला तह्लिक्’ पुल्लिंगी आहे. मूळ रूप ‘तजम्मल्’, आणि शेवटची ‘ई’ काफियाने पुरवलेली आहे.